व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर बॅन झाल्यावर अपिलाचं पत्र कसं लिहायचं

माझी वहिनी कराडला कुरडया, सांडगे, पापड, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते. होळी झाली की तिच्या ऑर्डरी सुरू होतात आणि मे संपेपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नसते. गेल्या वर्षी १८ मार्चला दुपारी तिने फोन उघडला, तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये चॅट्स दिसायच्या जागी एकच सूचना होती: हे खातं व्हॉट्सअ‍ॅप वापरू शकत नाही. खाली एक बटण होतं, `Request a review`. वहिनीने ते लगेच दाबलं आणि रिकाम्या चौकटीत लिहिलं, ‘मी साधी गृहिणी आहे, काहीही चुकीचं केलेलं नाही, ऐन सीझनमध्ये माझं खूप नुकसान होतंय, कृपया नंबर चालू करा.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की बंदी कायम आहे. मग तिने मला फोन केला.

मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करतो. अशी पत्रं लिहायची वेळ माझ्यावर आता बऱ्याचदा येते, आणि जवळपास प्रत्येक जण पहिल्या खेपेला वहिनीसारखंच लिहितो. तिच्या त्या वाक्यांत खोटं काही नव्हतं. फक्त समोरच्या माणसाला निर्णय घ्यायला लागतं असं त्यात काहीच नव्हतं. तिचंच उदाहरण धरून नीट पत्र कसं तयार करायचं ते सांगतो.

समोरच्याला काय दिसतं, हे आधी समजून घ्या

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. म्हणजे तुम्ही ग्राहकाला काय लिहिलंत ते कंपनी वाचत नाही. तुमच्याबद्दल कोणी रिपोर्ट केला, तरच त्या माणसाला तुमच्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. बाकी सगळा अंदाज वागण्याच्या पद्धतीवरून बांधला जातो: किती वेळात किती मेसेज गेले, ते ओळखीच्या नंबरांना गेले की पहिल्यांदाच, किती जणांनी ब्लॉक केलं, किती जणांनी रिपोर्ट केलं.

२०१९ मध्ये कंपनीने स्वतःच एक टिपण काढून हे सांगितलं होतं. त्यातलं एक उदाहरण असं की नोंदणी होऊन पाच मिनिटं झालेलं खातं पंधरा सेकंदांत शंभर मेसेज पाठवू लागलं, तर तिथे माणूस नसणार हे उघड आहे. दुसरं उदाहरण मला फार बोलकं वाटलं. आपण मेसेज लिहीत असताना समोरच्याला ‘टायपिंग’ दिसतं. सॉफ्टवेअर मेसेज सोडतं तेव्हा अनेकदा हे ‘टायपिंग’ उमटतच नाही. ही खूणसुद्धा पकडली जाते. त्याच टिपणाप्रमाणे, बंद झालेल्या खात्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक खाती कोणाची ताजी तक्रार नसतानाच बंद झाली होती.

याचा पत्राशी थेट संबंध आहे. तुमचे पापड किती चांगले आहेत, ग्राहक किती जुने आहेत, तुम्ही किती प्रामाणिक आहात, यातलं काहीच यंत्रणेने तपासलेलं नव्हतं. तिने एक आकृती पाहिली, ठरावीक अंतराने जाणाऱ्या मेसेजची. अपील वाचणाऱ्या माणसासमोरही तीच आकृती असते. पत्राने त्या आकृतीचा खुलासा करायचा असतो: ती कशामुळे तयार झाली, कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावरून, आणि आता ती पुन्हा का तयार होणार नाही. नुसतं ‘मी काही केलं नाही’ असं लिहिलं, तर समोर दिसणारी आकृती आणि तुमचं म्हणणं यांचा मेळ बसत नाही, आणि वाचणारा आकृतीवर विश्वास ठेवतो.

पहिल्या तासात काय करायचं, काय नाही

अ‍ॅप काढून टाकू नका. घाबरून बहुतेक जण तेच करतात: अनइन्स्टॉल, पुन्हा इन्स्टॉल. खात्यावरच्या बंदीला त्याने काही फरक पडत नाही, पण फोनमधला बॅकअप मात्र त्यात पुसला जाऊ शकतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप करतं. फोनमधल्या फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये जाऊन हा फोल्डर शोधा आणि त्याची एक प्रत लॅपटॉपवर किंवा मेमरी कार्डवर घेऊन ठेवा:

```
Android/media/com.whatsapp.w4b/WhatsApp Business/Databases
```

या फाइली कुलूपबंद असतात, उघडून वाचता येणार नाहीत. पण खातं परत मिळालं की ऑर्डरींचे चॅट्स परत आणायला त्यांचाच आधार होतो.

दुसरी गोष्ट, नवीन सिम घेऊन त्याच फोनवर, त्याच वायफायवरून लगेच दुसरं खातं सुरू करू नका. नोंदणीच्या वेळी कंपनी नंबरासोबत तो कोणत्या नेटवर्कवरून येतोय हेही पाहते. एक खातं अपिलात असताना शेजारी दुसरं उभं राहिलं आणि त्यावरूनही त्याच यादीला मेसेज जायला लागले, तर दोन्ही जातात, आणि पत्रातलं तुमचं म्हणणं तुम्हीच खोडून काढता. वहिनीने तेवढ्या दिवसांसाठी साधे फोन आणि साधे एसएमएस वापरले. ज्यांची ऑर्डर अर्धी राहिली होती अशा एकवीस जणांना एकेक करून फोन केला.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. ‘बॅन झालेला नंबर दोन तासांत चालू करून देतो’ म्हणणारे लोक तुम्हाला लगेच सापडतील, किंवा ते तुम्हाला शोधत येतील. ते पैसे मागतात आणि वर एसएमएसने आलेला सहा आकडी कोडही मागतात. तो कोड म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली. तो कोणालाही सांगायचा नाही, अगदी ओळखीच्या मोबाइल दुकानदारालाही नाही.

कारण शोधा, आणि ते पुराव्यासकट शोधा

मी वहिनीला पहिला प्रश्न विचारला, ‘त्या दिवशी सकाळी काय पाठवलंत?’ ती म्हणाली, ‘मी काहीच नाही. दरपत्रक मात्र भाच्याने पाठवलं, त्याच्या लॅपटॉपवरून.’ हे ‘मात्र’ मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं. मालकाला मनापासून वाटत असतं की आपण काही केलं नाही, आणि ते खरंही असतं. काम दुसऱ्याने केलेलं असतं: भाच्याने, दुकानातल्या मुलाने, किंवा ‘डिजिटल मार्केटिंग’ करून देणाऱ्या माणसाने.

भाच्याने क्रोम ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकलं होतं. अशी एक्स्टेन्शन्स भरपूर आहेत. ती व्हॉट्सअ‍ॅप वेबच्या पानावर बसतात, एक्सेलची यादी घेतात आणि एकामागून एक नंबर उघडून तोच मजकूर पाठवत राहतात. आम्ही लॅपटॉप उघडला आणि पत्त्याच्या जागी हे टाइप केलं:

```
chrome://extensions
```

एक्स्टेन्शन तिथे होतं. काढायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, मग ते काढलं आणि पुन्हा स्क्रीनशॉट घेतला. या क्रमात चूक करू नका. घाईने आधी काढून टाकलं, तर ते कधी होतं हे दाखवायला काहीच उरत नाही.

मग डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये त्या एक्स्टेन्शनने बनवलेली अहवालाची फाइल सापडली. यादीत एकूण १,१४० नंबर होते. पहिला मेसेज सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी गेला होता, शेवटचा १२ वाजून ५ मिनिटांनी. पंच्याऐंशी मिनिटांत ६४० मेसेज, म्हणजे दर आठ सेकंदांना एक. ६४१व्या ओळीपासून पुढे सगळीकडे ‘अयशस्वी’. खातं नेमकं कुठे बंद झालं ते त्या एका फाइलीत स्वच्छ दिसत होतं. भाच्याने ‘आठ सेकंदांचं अंतर ठेवलं की पकडत नाहीत’ असं कुठेतरी ऐकलं होतं. पंच्याऐंशी मिनिटं न थांबता, न चुकता, दर आठ सेकंदांनी कोणता माणूस मेसेज करील?

आता सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे यादी. त्या १,१४० नंबरांपैकी साधारण ७०० जण गेल्या तीन वर्षांतले खरे ग्राहक होते. त्यांची नावं वहिनीच्या ऑर्डरच्या वहीत होती. उरलेले ४४० कुठून आले? बचत गटांच्या प्रदर्शनात तिने स्टॉल लावला होता, तिथे सोडतीसाठी लोकांनी वहीत नाव आणि नंबर लिहिले होते. त्यांनी नंबर सोडतीसाठी दिला होता, दरपत्रकासाठी नाही. त्यातल्या बहुतेकांच्या फोनमध्ये वहिनीचा नंबर साठवलेलाही नसणार. अनोळखी नंबरावरून मेसेज आला की व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच ब्लॉक आणि रिपोर्टचे पर्याय समोर ठेवतं. त्यांच्यापैकी काहींनी ते दाबले असतील, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

वहिनी म्हणाली, ‘सोडतीचं पत्रात लिहायलाच हवं का?’ मी म्हटलं, हवंच. रिपोर्ट झाले असतील तर ते समोरच्याला दिसत आहेत. तुम्ही फक्त एक्स्टेन्शनचं सांगितलंत आणि यादीबद्दल गप्प राहिलात, तर खुलासा अर्धा राहतो.

तुमच्या बाबतीत कारण दुसरं असू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाने फिरणारी अनधिकृत अ‍ॅप्स, ज्यात जादा सोयी असतात, ती वापरल्यानेही खातं बंद होतं. तिथे बंदी अनेकदा तात्पुरती असते आणि पडद्यावर उलटी मोजणी दिसते. तसं असेल तर पत्रापेक्षा आधी अधिकृत अ‍ॅपवर परत येणं हेच खरं काम. कधी एखाद्या दुकानाच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ अशी सोय असते आणि ती व्हॉट्सअ‍ॅप वेबवरच चालणारी असते. मालकाला वाटतं ती अधिकृत आहे. विक्रेत्याला सरळ विचारा: हे व्हॉट्सअ‍ॅपच्या अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्मवरून जातं की वेबवरून? क्यूआर कोड स्कॅन करून जोडायला लागलं असेल, तर ते बहुधा वेबवरूनच जात असतं.

आणि काहीच सापडलं नाही तर? तसंच लिहा, पण काय काय तपासलंत ते मोजून लिहा: किती संगणकांवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलेलं होतं, त्यातल्या प्रत्येकावर कोणती एक्स्टेन्शन्स होती, फोन कोणाकोणाच्या हातात असतो. ‘मी काही केलं नाही’ आणि ‘मी ही तीन ठिकाणं तपासली, तिथे हे सापडलं नाही’ यांत फार फरक आहे.

पत्र कुठे पाठवायचं

अ‍ॅपमधला फेरविचार ही पहिली पायरी. तिथे सहा आकडी कोड टाकून नंबर तुमचाच आहे हे दाखवावं लागतं, मग थोडक्यात माहिती लिहायला जागा मिळते. उत्तर सहसा एक-दोन दिवसांत येतं. ही संधी वहिनीने रिकाम्या वाक्यांवर घालवली. तुमची अजून शिल्लक असेल तर आधी कारण शोधा, मग बटण दाबा. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

दुसरी पायरी म्हणजे कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं आणि त्याचा संपर्क जाहीर करणं कंपनीला बंधनकारक आहे. ईमेलचा आणि टपालाचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपच्या अधिकृत मदत केंद्रातूनच घ्या, इंटरनेटवर शोधून मिळालेल्या कुठल्याही नंबरावर किंवा पत्त्यावर जाऊ नका. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते. निकालासाठी मूळ नियमांत १५ दिवस होते. नियमांत दुरुस्त्या होत असतात, पण पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबायची तयारी ठेवायचं कारण नाही. कंपनी भारतासाठी दर महिन्याला जो अहवाल काढते, त्यात या अधिकाऱ्याकडे आलेल्या तक्रारींत खात्यावरच्या बंदीविरुद्धच्या अपिलांचा वेगळा आकडा असतो. म्हणजे तुमचं पत्र तिथे कोणाला नवल वाटणार नाही. ते रोज अशी पत्रं वाचतात, म्हणूनच नेमकं लिहिलेलं पत्र लगेच वेगळं कळतं.

भाषेचं म्हणाल तर मराठीत विचार करून मराठीत लिहा आणि खाली त्याचं साधं इंग्रजी भाषांतर जोडा. उलटं केलं की पत्रात ‘सन्माननीय महोदय, आपल्या कृपादृष्टीची’ वगैरे भरती होते आणि वेळ, आकडे, यंत्र हे सगळं गाळलं जातं.

वहिनीचं पत्र

आम्ही लिहिलेलं पत्र जवळजवळ जसंच्या तसं देतो.

> विषय: व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस खात्यावरील बंदीचा फेरविचार. नंबर: (+९१ सह पूर्ण नंबर)
>
> मी कराड, जिल्हा सातारा येथे घरगुती उन्हाळी पदार्थ आणि मसाले तयार करून विकते. हा नंबर मी २०२१ पासून फक्त या व्यवसायासाठी वापरते. माझी एफएसएसएआय नोंदणी आणि उद्यम नोंदणी सोबत जोडली आहे.
>
> १८ मार्च २०२५ रोजी दुपारी १२ नंतर माझं खातं बंद झालं. १९ मार्चला अ‍ॅपमधून मागितलेला फेरविचार नामंजूर झाला. त्या वेळी मला कारण माहीत नव्हतं आणि मी ‘काही केलेलं नाही’ असं लिहिलं. ते बरोबर नव्हतं. त्यानंतर तपास केल्यावर पुढील गोष्टी आढळल्या.
>
> १८ मार्चला सकाळी १०.४० ते १२.०५ या वेळात माझ्या नातेवाइकाने माझ्या सांगण्यावरून व्हॉट्सअ‍ॅप वेबवर एक ब्राउझर एक्स्टेन्शन वापरून दरपत्रक पाठवलं. दर आठ सेकंदांना एक याप्रमाणे ६४० मेसेज गेले. यादीत १,१४० नंबर होते. त्यांपैकी सुमारे ७०० माझे जुने ग्राहक आहेत. उरलेले सुमारे ४४० नंबर एका प्रदर्शनातल्या सोडतीच्या वहीतले होते. त्या लोकांनी मला मेसेज पाठवायची परवानगी दिलेली नव्हती. हे माझं चुकलं.
>
> मी पुढील गोष्टी केल्या आहेत. एक्स्टेन्शन लॅपटॉपवरून काढलं आहे. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट, तसेच एक्स्टेन्शनने बनवलेला अहवाल सोबत आहे. सोडतीच्या वहीतले ४४० नंबर यादीतून कायमचे काढले आहेत. माझ्या घरी या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप वेब दुसऱ्या कोणत्याही संगणकावर चालू नव्हतं, याची मी खात्री केली आहे.
>
> खातं परत मिळाल्यास मी दरपत्रक फक्त अ‍ॅपमधल्या ब्रॉडकास्ट यादीतून आणि फक्त ज्या ग्राहकांनी ‘चालेल’ म्हटलं आहे त्यांनाच पाठवीन. दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरने पाठवणार नाही.
>
> या माहितीच्या आधारे बंदीचा फेरविचार व्हावा. अधिक माहिती लागल्यास मी या ईमेलवर उपलब्ध आहे.
>
> (नाव, सही, दिनांक)

यातलं काय का लिहिलं

पहिल्या परिच्छेदात व्यवसाय तीन वाक्यांत संपवला. त्याहून जास्त लांबवू नका. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आणि उद्यमचा क्रमांक याने एवढंच कळतं की हा नंबर चालवणारा खरा माणूस आहे आणि त्याचा पत्ता सरकारदरबारी आहे. तेवढंच दाखवायचं होतं. ज्यांचा खाद्यपदार्थांचा घरगुती व्यवसाय आहे आणि एफएसएसएआय नोंदणी अजून नाही, त्यांनी ती पत्राकरता नव्हे, कायद्याकरता तरी करून घ्यावी. २०२५ मध्ये वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठीच्या मूळ नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये होती. आधार कार्ड मात्र जोडू नका. त्याची गरज नसते.

‘ते बरोबर नव्हतं’ हे वाक्य लिहायला वहिनी अर्धा तास तयार होईना. ती म्हणाली, ‘आपणच आपल्याला खोटं ठरवायचं का?’ पण पहिलं अपील त्यांच्या नोंदीत आहेच. दुसऱ्या पत्रात वेगळी गोष्ट सांगायची आणि पहिल्याचा उल्लेखही करायचा नाही, तर वाचणाऱ्याला दोन गोष्टी दिसतात आणि त्याने कोणती खरी मानायची हा प्रश्न उरतो. आपण ती फट स्वतःच बुजवली.

‘माझ्या सांगण्यावरून’ हे दोन शब्दही मुद्दाम आहेत. भाच्यावर ढकललं असतं तर पत्र हलकं झालं असतं आणि खोटंही. दरपत्रक पाठवायला वहिनीनेच सांगितलं होतं, फक्त कसं पाठवायचं ते भाच्याने ठरवलं.

वेळ आणि आकडे पत्राच्या मधोमध आहेत, कारण ते कंपनी स्वतःकडच्या नोंदींशी पडताळून पाहू शकते. १०.४० ते १२.०५, आठ सेकंद, ६४०. पत्रातले आकडे त्यांच्याकडच्या आकड्यांशी जुळले की बाकीच्या वाक्यांवरही विश्वास बसायला मदत होते. म्हणून आकडा आठवणीतून लिहू नका. फाइल नसेल, तर ‘सुमारे’ लिहा आणि कशावरून अंदाज केला तेही लिहा.

शेवटच्या वचनात ‘यापुढे काळजी घेईन’ असं नाही. काळजी कोणालाच मोजता येत नाही. ब्रॉडकास्ट यादी, ‘चालेल’ म्हटलेले ग्राहक, दुसरं सॉफ्टवेअर नाही, या तिन्ही गोष्टी उद्या पाळल्या की नाही हे बाहेरूनही कळू शकतं.

नुकसानीचा उल्लेख आम्ही पूर्ण गाळला. हे मला सोपं गेलं नाही. ज्या बाईच्या अंगणात खाटेवर चार किलो कुरडया वाळत पडल्यात आणि त्या कोणी मागितल्या होत्या ते चॅटमध्ये अडकलंय, तिला ‘नुकसानीचं लिहू नका’ असं सांगताना वाईट वाटतं. पण वाचणाऱ्यासमोरचा प्रश्न ‘हे खातं पुन्हा असं वागेल का’ हा आहे. नुकसान कितीही खरं असलं तरी त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

जोडपत्रं

चारच जोडा: नोंदणीची दोन प्रमाणपत्रं, एक्स्टेन्शनचे आधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट, अहवालाची फाइल, आणि ऑर्डरच्या वहीच्या दोन पानांचे फोटो. फाइलीत आणि वहीच्या फोटोंत ग्राहकांची नावं आणि नंबर झाकून टाका. फाइलीत आम्ही नंबरांचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी पुसले, वहीवर कागदाच्या पट्ट्या ठेवून फोटो काढले. लोकांचे नंबर परवानगीशिवाय वापरले म्हणून माफी मागणाऱ्या पत्राला लोकांचे नंबर जोडून पाठवायचे नाहीत.

मित्रांना, नातेवाइकांना ‘तुम्हीही एक मेल टाका’ असं सांगू नका. एकाच मजकुराची वीस पत्रं आली की ती पुन्हा स्वयंचलितच वाटतात.

नाही आलं, तर पुढे

वहिनीचा नंबर पत्र गेल्यापासून नवव्या दिवशी चालू झाला. सगळ्यांचा होतोच असं नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने नकार दिला, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने ही सोय नियमांत आली आणि जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. अपील `gac.gov.in` या संकेतस्थळावर करायचं आणि कामकाज पूर्ण ऑनलाइन चालतं. अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत करावं लागतं. समितीनेही ३० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं नियम सांगतो. म्हणून पोचेचा ईमेल, तक्रार क्रमांक आणि उत्तर आल्याची तारीख ही तीन माहिती एका कागदावर लिहून ठेवा. तिथे जाणारं पत्रही हेच, फक्त शेवटी एक परिच्छेद जोडायचा: अधिकाऱ्याने काय उत्तर दिलं आणि त्यात तुमच्या कोणत्या मुद्द्याचा विचार झाला नाही.

नंबर परत आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

पहिल्याच दिवशी सगळ्यांना ‘नंबर चालू झाला’ असा मेसेज टाकायचा मोह होतो. टाकू नका. आधी सेटिंग्जमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत जाऊन जे तुमचं नाही ते काढा. मग फक्त स्टेटस ठेवा आणि जे स्वतः मेसेज करतील त्यांना उत्तर द्या.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. ही मर्यादा मला आता अडचण वाटत नाही. ज्याने नंबर साठवला नाही त्याला तुमचं दरपत्रक नको आहे, एवढंच ती सांगते. हजारो ग्राहकांना नियमित पाठवायचंच असेल, तर अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्म आहे, तो मे २०२२ पासून सर्व आकारांच्या व्यवसायांना खुला आहे. तिथे मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि पैसे मोजावे लागतात. महिन्याला शंभर-दोनशे ऑर्डरी असलेल्या घरगुती व्यवसायाला त्याची गरज नसते.

वहिनीने ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवला आहे. नाव, गाव, पदार्थ, किलो, पैसे, आणि शेवटी ‘मेसेज?’ माल हातात देताना किंवा कुरिअरची पावती पाठवताना ती विचारते, ‘पुढच्या वर्षी दर कळवू का?’ हो म्हटलं की बरोबरची खूण आणि तारीख. नाही म्हटलं की आडवी रेघ. जूनच्या सुरुवातीला मी वही पाहिली, तेव्हा त्यात २३१ खुणा होत्या.